उष्णता १९.५१ ऐवजी १०.५१ किलोज्यूल का आली? चिन्हाची आणि एककाची चूक उत्तरावरून ओळखणं

तक्रार नेहमीचीच आहे. सूत्र बरोबर, आकडे नीट टाकलेले, गणकयंत्रावर दोनदा तपासलेलं, आणि तरी उत्तर जुळत नाही. उष्मागतिकीच्या पहिल्या नियमावरची गणितं तपासायला बसलं की दर वेळी त्याच चार-पाच चुका समोर येतात. गंमत म्हणजे त्या आकडेमोडीच्या नसतातच. कुठेतरी चिन्ह उलटलेलं असतं, कुठे दाब चुकीचा वाचलेला असतो, कुठे ज्यूल आणि किलोज्यूल एकाच बेरजेत येऊन बसलेले असतात.

सगळं गणित पुन्हा सोडवण्याआधी चुकलेल्या उत्तराकडेच जरा नीट बघावं, असं माझं मत आहे. प्रत्येक चूक आपली खूण मागे ठेवून जाते. ती कशी वाचायची, ते एकाच उदाहरणावर दाखवतो.

## गणित

उभ्या नळकांड्यात हवा आहे. वर जड दट्ट्या आहे, तो घर्षणाशिवाय वरखाली सरकतो. दाबमापक २०० किलोपास्कल दाखवतो, बाहेरच्या वातावरणाचा दाब १०० किलोपास्कल आहे. हवेचं आकारमान ५० लिटर, तापमान २७ अंश सेल्सिअस. आत एक छोटा पंखा बसवला आहे. तो ३० सेकंद फिरतो आणि तेवढा वेळ हवेला ५० वॅट देतो. त्याच वेळी नळकांडं बाहेरून तापवलं जातं. दट्ट्या हळूहळू वर सरकतो आणि आकारमान ७० लिटर होतं. हवेला किती उष्णता दिली?

हवेसाठी R = 0.287 kJ/(kg·K) आणि स्थिर आकारमानाची विशिष्ट उष्णता cv = 0.718 kJ/(kg·K) धरू.

## आधी वाक्य, मग चिन्ह

कागदावर पहिला आकडा लिहिण्याआधी दोन गोष्टी लिहून ठेवा. पहिली, आपली प्रणाली कोणती. इथे प्रणाली म्हणजे फक्त आतली हवा. दट्ट्या, पंखा आणि नळकांड्याची भिंत बाहेर. दुसरी, ऊर्जा कुठून कुठे गेली, ते साध्या मराठीत:

हवेने दट्ट्या वर ढकलला, म्हणजे त्या वाटेने ऊर्जा हवेतून बाहेर गेली. पंख्याने हवा घुसळली, म्हणजे त्या वाटेने ऊर्जा हवेत आली. भिंतीतून उष्णता आली असावी, पण किती ते काढायचं आहे.

या वाक्यांत अजून एकही अधिक-उणे नाही. चिन्हं नंतर येतात आणि ती या वाक्यांवरून ठरतात. बहुतेक लोक उलटं करतात. आधी सूत्र लिहितात, त्यात W दिसला की हाताशी असलेला आकडा टाकतात, आणि तो W हवेने केलेल्या कार्याचा की हवेवर केलेल्या, हा प्रश्न कधी विचारलाच जात नाही.

## दाब आणि तापमान

दाबमापक वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो. हवेच्या रेणूंना वातावरण शून्य धरलेलं आहे याची काही कल्पना नसते, म्हणून अवस्थेच्या समीकरणात निरपेक्ष दाब लागतो. तापमानाचंही तेच: गुणोत्तरात किंवा गुणाकारात तापमान आलं की केल्विन. फक्त फरक घ्यायचा असेल तर सेल्सिअस चालतं, कारण दोन्ही मापांची पायरी सारखीच आहे.

```
p  = 200 + 100 = 300 kPa   (absolute)
T1 = 27 + 273 = 300 K
V1 = 0.050 m³ ,  V2 = 0.070 m³
```

दट्ट्याचं वजन आणि वातावरण दोन्ही बदलत नाहीत, तो हळू सरकतो आणि घर्षण नाही, म्हणून आतला दाबही शेवटपर्यंत ३०० किलोपास्कलच राहतो. स्थिर दाबाला आकारमान १.४ पट झालं, तर केल्विनमधलं तापमानही १.४ पट: ४२० केल्विन, म्हणजे १४७ अंश सेल्सिअस.

```
m = pV1/(R·T1) = (300 × 0.050)/(0.287 × 300) = 0.1742 kg
```

इथे एकक तोंडाने म्हणून बघा. किलोपास्कल गुणिले घनमीटर म्हणजे किलोज्यूल. खाली किलोज्यूल प्रति किलो प्रति केल्विन गुणिले केल्विन, म्हणजे किलोज्यूल प्रति किलो. भागाकार केला की किलो उरतात. उरले नाहीत तर पुढे जाऊ नका. R च्या जागी 287 टाकून दाब किलोपास्कलमध्येच ठेवला, तर आकडा ०.०००१७४ येतो, कागदावर त्याच्यापुढे "किलो" लिहिलं जातं, म्हणजे हवा जेमतेम ०.१७४ ग्रॅम, आणि कुणाला शंका येत नाही.

## दट्ट्याचं कार्य

```
p·(V2 − V1) = 300 kPa × 0.020 m³ = 6.0 kJ
```

लिटरमध्ये काम करायची सवय असेल तर हरकत नाही. ३०० किलोपास्कल गुणिले २० लिटर म्हणजे ६००० ज्यूल, कारण एक किलोपास्कल-लिटर म्हणजे बरोबर एक ज्यूल. बारमध्ये केलं तर ३ गुणिले २०, म्हणजे ६० बार-लिटर, आणि एक बार-लिटर म्हणजे १०० ज्यूल. पुन्हा ६०००. या ६० समोर थेट "ज्यूल" किंवा "किलोज्यूल" लिहिलेलं मी इतक्यांदा पाहिलं आहे की बार-लिटर दिसलं की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

एक शंका इथे हमखास येते. दट्ट्याचं वजन उचलायला तर वरचे २०० किलोपास्कलच पुरतात, मग ३०० का? उचलण्याचं कार्य खरंच २०० × ०.०२०, म्हणजे ४ किलोज्यूल आहे. पण दट्ट्या वर जाताना बाहेरचं वातावरणही मागे ढकलतो आणि त्यात उरलेले २ किलोज्यूल जातात. हवेच्या हिशेबातून दोन्ही गेले. तुम्हाला उपयोगी पडलेलं कार्य विचारलं असेल तर ४, हवेने केलेलं कार्य विचारलं असेल तर ६.

## पंखा आणि आंतरिक ऊर्जा

पन्नास वॅट म्हणजे दर सेकंदाला पन्नास ज्यूल. तीस सेकंदांत १५०० ज्यूल, म्हणजे १.५ किलोज्यूल, हवेवर केलेलं कार्य. पंखा आकारमान बदलत नाही, म्हणून ही ऊर्जा p·ΔV मध्ये कुठेच दिसत नाही. ती वेगळी आठवून जोडावी लागते.

```
ΔU = m·cv·(T2 − T1) = 0.1742 × 0.718 × 120 = 15.01 kJ
```

तापमान वाढलं, म्हणून ΔU धन. इथे चिन्हाचा कुठलाही संकेत लागत नाही. शेवट वजा सुरुवात, एवढंच. cv तापमानाबरोबर किंचित वाढतो. हवेच्या कोष्टकातून आकडे घेतले तर १५.०१ च्या जागी सुमारे १५.१ येतात. अर्ध्या टक्क्याचा फरक आहे, तो चूक समजून शोधत बसू नका.

## पहिला नियम, दोन्ही संकेतांत

भौतिकशास्त्राच्या आणि यंत्र अभियांत्रिकीच्या बहुतेक पुस्तकांत W म्हणजे प्रणालीने केलेलं कार्य. क्लाउझिअसने १८५० मध्ये हा नियम मांडला तेव्हा विचार उष्णतेच्या इंजिनांचा होता: उष्णता आत घालायची, कार्य बाहेर काढायचं, आणि दोन्ही धन मोजायचे. रसायनशास्त्रात W म्हणजे प्रणालीवर केलेलं कार्य. तिथे जे काही आत येतं ते धन, मग ती उष्णता असो की कार्य.

```
W = हवेने केलेलं:     W = +6.0 − 1.5 = +4.5 kJ
                      Q = ΔU + W = 15.01 + 4.5 = 19.51 kJ

W = हवेवर केलेलं:     W = −6.0 + 1.5 = −4.5 kJ
                      Q = ΔU − W = 15.01 + 4.5 = 19.51 kJ
```

W चं चिन्ह उलटलं, सूत्रातलं चिन्हही उलटलं, Q तिथेच राहिला. हा मुद्दा पक्का धरून ठेवा: संकेत बदलल्याने Q किंवा ΔU कधीही बदलत नाही. बदलतं ते फक्त W चं चिन्ह. तुमचा Q आणि पुस्तकातला Q वेगळे आले, तर "त्यांचा संकेत वेगळा असेल" ही सबब चालणार नाही. कुठेतरी खरी चूक आहे.

## आलेल्या उत्तरावरून चूक शोधणं

आता शीर्षकातल्या १०.५१ कडे वळू. बरोबर उत्तराशी फरक ९ किलोज्यूल. नऊ म्हणजे साडेचारची दुप्पट. ही दुप्पट हीच खूण. एखादी राशी मिळवायची तिथे वजा केली, तर उत्तर एकदा तिच्या नसण्याने आणि एकदा तिच्या उलट असण्याने सरकतं, म्हणजे दोनदा. इथे निव्वळ कार्य उलट्या बाजूला पडलं आहे. भौतिकशास्त्राच्या रीतीने +४.५ काढलं आणि रसायनशास्त्राच्या ΔU = Q + W मध्ये टाकलं. दोन्ही अर्धी वाक्यं आपापल्या जागी बरोबर होती.

Q २२.५१ आला असेल तर फरक ३, म्हणजे दीडची दुप्पट. पंख्याचं चिन्ह उलटलं आहे. ७.५१ आला तर फरक १२, सहाची दुप्पट. दट्ट्याचं कार्य उलट धरलं आहे. पण २१.०१ आला तर फरक नेमका १.५ आहे, दुप्पट नव्हे. म्हणजे पंखा उलटा धरलेला नाही, विसरला गेला आहे. चिन्ह चुकलं की फरक दुप्पट आणि राशी सुटली की फरक एकपट. एवढं लक्षात ठेवलं तर निम्मी शोधाशोध वाचते. फक्त त्यासाठी प्रत्येक राशी स्वतंत्र ओळीत लिहिलेली असायला हवी. सगळं एकाच ओळीत कोंबलेलं असेल, तर दुप्पट कशाची ते कळणार नाही.

एककाची चूक वेगळी दिसते. पंख्याचे १५०० ज्यूल तसेच किलोज्यूलच्या बेरजेत टाकले की Q उणे १४७९ येतो. हा आकडा ओरडून सांगतो. उलट दिशेची चूक मात्र गप्प राहते. वॅट हे शक्तीचं एकक, त्याला सेकंदांनी गुणायचं राहिलं, आणि ५० ज्यूल म्हणजे ०.०५ किलोज्यूल धरले, तर Q २०.९६ येतो. तो दिसायला अगदी साजरा असतो. पंखा विसरल्यावर येणाऱ्या २१.०१ च्या तो जवळ आहे, आणि यावरून हेही कळतं की पंखा हिशेबात आला, पण नावापुरता.

दाबमापकावरचा गेज दाब तसाच वापरल्याची खूण तिसऱ्याच प्रकारची. तेव्हा वस्तुमान, दट्ट्याचं कार्य आणि ΔU ही तिन्ही दोन तृतीयांश होतात: ०.११६१ किलो, ४ किलोज्यूल, १०.०१ किलोज्यूल. पंखा तसाच राहतो आणि Q १२.५१ येतो. पुस्तकात मधल्या पायऱ्यांचे आकडे दिले असतील तर एकाच प्रमाणात घटलेल्या राशी बघा. त्या सगळ्यांत सामाईक काय आहे, हे विचारलं की दाबाशी येऊन थांबता.

## पडताळणी काय पकडते, काय सोडते

स्थिर दाबावर एक चांगली पडताळणी उपलब्ध आहे. हवेत आलेली उष्णता आणि पंख्याचं कार्य मिळून एन्थाल्पीतल्या बदलाएवढी व्हायला हवीत, कारण दट्ट्याचं कार्य एन्थाल्पीतल्या pV मध्ये आधीच मोजलं गेलं आहे. cp = 1.005 kJ/(kg·K) घेऊ.

```
ΔH = 0.1742 × 1.005 × 120 = 21.01 kJ
Q + पंखा = 19.51 + 1.5 = 21.01 kJ
```

जुळलं. शीर्षकातला १०.५१ घेतला तर बेरीज १२.०१ येते, म्हणजे पडताळणी चिन्हाची चूक लगेच पकडते. पण गेज दाबाची चूक ती पकडत नाही. तिथे ΔH सुद्धा दोन तृतीयांश, म्हणजे १४.०१ होते, आणि १२.५१ अधिक १.५ बरोबर १४.०१. चुकीचा दाब सगळीकडे सारखाच गेल्यामुळे हिशेब आतल्या आत नीट जुळतो. ही चूक पकडायला गणिताचं पहिलं वाक्यच पुन्हा वाचावं लागतं: "दाबमापक दाखवतो".

याहून फसवी चूक सेल्सिअसची. समजा, एखाद्याने केल्विन केलंच नाही. T1 च्या जागी २७, T2 च्या जागी २७ गुणिले १.४, म्हणजे ३७.८. फरक फक्त १०.८. पण वस्तुमान काढतानाही त्याने २७ च वापरले, म्हणून ते १.९३६ किलो आलं. आता ΔU बघा:

```
ΔU = 1.936 × 0.718 × 10.8 = 15.01 kJ
```

बरोबर उत्तर! मला पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मीच दोनदा गुणून पाहिलं. कारण असं: आदर्श वायूसाठी स्थिर दाबावर ΔU = (cv/R)·p·ΔV, आणि या सूत्रात तापमान येतच नाही. वस्तुमान जितक्या पटीने फुगलं, तितक्याच पटीने तापमानाचा फरक आकसला, आणि गुणाकारात दोन्ही चुका एकमेकींना खाऊन गेल्या. Q १९.५१ येतो, एन्थाल्पीही जुळते, उत्तरापुढे बरोबरची खूण पडते. पुढच्या गणितात शेवटचं तापमान थेट दिलेलं असतं, किंवा वस्तुमान आधीच दिलेलं असतं, आणि तिथे हाच माणूस आपटतो. मग "मागच्या वेळी तर हेच केलं होतं" असं म्हणतो, आणि ते खरंही असतं.

ही चूक ऊर्जेच्या बेरजेतून सापडत नाही, घनतेतून सापडते. १.९३६ किलो हवा ५० लिटरमध्ये म्हणजे घनमीटरला जवळपास ३९ किलो. मोकळ्या हवेची घनता या तापमानाला साधारण १.१६ असते, तिप्पट दाबावर ती ३.५ च्या आसपास हवी, आणि ०.१७४२ भागिले ०.०५० केलं की तेवढीच येते. वस्तुमान काढलं की लगेच घनता बघायची, मग पुढे.

## परत येताना चिन्ह तपासणं

प्रसरणाच्या गणितात सगळ्या राशी बहुधा धन येतात, म्हणून चुकीचं चिन्ह तिथे लपून बसतं. शंका असेल तर हवा परत मूळ अवस्थेत आणून बघा. पंखा बंद करा, दट्ट्या ७० लिटरला अडकवा आणि हवा ३०० केल्विनपर्यंत थंड होऊ द्या. आकारमान बदललं नाही, कार्य शून्य, Q उणे १५.०१. दाब २१४.३ किलोपास्कलवर उतरतो. मग तापमान ३०० केल्विनवरच ठेवून हवा हळूहळू ५० लिटरपर्यंत दाबा.

```
हवेने केलेलं W = m·R·T·ln(V_शेवट/V_सुरुवात)
             = 15.0 × ln(0.050/0.070) = −5.05 kJ
```

कंसातला क्रम शेवट भागिले सुरुवात असाच ठेवायचा. चिन्ह लॉगरिदम स्वतःच देतो, आपण वेगळं उणे लावायचं नाही. लावलं तर चिन्ह दोनदा लागून परत धन होतं, आणि हवा दाबली जात असताना तीच कार्य करते आहे असं कागदावर दिसतं.

तापमान तेच, म्हणून ΔU शून्य, आणि Q उणे ५.०५: उष्णता बाहेर जाते. ज्याने दोन संकेतांची सरमिसळ केली आहे, त्याचा Q इथे अधिक ५.०५ येईल. म्हणजे हवा दाबायची आणि ती तापू नये म्हणून वरून उष्णता द्यायची! सायकलच्या पंपाचं टोक बोटाने बंद करून दांडा दाबून पाहिलेल्या कुणालाही हे पटणार नाही. दाबलेली हवा तापते. तिचं तापमान धरून ठेवायचं तर उष्णता काढावीच लागते.

बेरीजही करून बघा. तिन्ही टप्प्यांचे Q मिळून १९.५१ − १५.०१ − ५.०५, म्हणजे उणे ०.५५. हवेने केलेलं कार्य ४.५ + ० − ५.०५, तेही उणे ०.५५. दोन्ही समान, कारण हवा जिथून निघाली तिथेच आली. पण या बेरजेवर एकटीवर विसंबू नका. तिसऱ्या टप्प्यात कंसाचा क्रम उलटा घेतला, तर W आणि Q दोन्ही एकदमच अधिक ५.०५ होतात आणि बेरजा दोन्हीकडे ९.५५ येऊन मजेत जुळतात. तिथे उपयोगी पडतो तो पंपाचा अनुभवच.